मुकादमाचा खोकला

सोफेवाल्याच्या घरात बोलणारी तोंडं दोन होती, आणि त्यातलं जास्त बोलणारं तोंड चोचीचं होतं.

करड्या रंगाचा, लालभडक शेपटीचा हा पोपट सोफेवाल्याच्या लेकीने कॉलेजात असताना हट्टाने आणला होता. पुढे तिचं लग्न झालं, ती विमानाने जावं लागेल इतक्या लांब गेली आणि पोपट मागे राहिला. पिंजऱ्यातून काम बघत बसायचं आणि मधूनच दरडावायचं ही त्याची रीत बघून लेकीनेच त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. नाव त्याला असं काही चिकटलं की सोफेवालाही कधीकधी खिळा वाकडा गेला की आधी पिंजऱ्याकडे बघायचा.

सोफेवाल्याचं दुकान आणि घर एकच. पुढच्या खोलीत नुसते सांगाडे उरलेल्या खुर्च्या, फोमचे तुकडे, कापडाचे गठ्ठे, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि झोप. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुकादमाचा पिंजरा पुढच्या खोलीत, कामाच्या टेबलाशेजारी, हाताला लागेल असा टांगलेला. सोफेवाला दिवसभर ठोकायचा, शिवायचा, ओढायचा. कापडही ओढायचा आणि सिगारेटही. एक विझली की दुसरी. राख कापडावर पडू नये म्हणून मात्र तो डोळ्यांत तेल घालून जपायचा. गिऱ्हाइकाच्या कापडाला आजवर एक डाग लागला नव्हता, आणि याचा त्याला केवढा अभिमान! वास लागायचा, ती गोष्ट वेगळी. एक-दोन बायकांनी सोफे परत आणून दिले होते, 'घरभर वास सुटलाय' म्हणून. सोफेवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. कापड म्हटलं की वास धरणारच, त्याला तो काय करणार?

मुकादमाला बोलायला कुणी शिकवलं नव्हतं. जे कानावर पडेल ते तो उचलायचा. स्टेपलगनची खटखट हुबेहूब काढायचा. दिवसातून अनेकदा "सुई कुठंय?" विचारायचा, कारण सोफेवाला स्वतःशी तेच पुटपुटत असायचा. आणि संध्याकाळी सोफेवाला बाहेरची कामं उरकून घरी यायचा तेव्हा सगळा खेळ ठरलेला. जिना चढता चढता त्याला दम लागायचा, वरच्या पायरीवर तो थांबून जोरात खोकायचा, मग कुलपात किल्ली फिरवून म्हणायचा, "आलो रे!" आतून तोवर मुकादमाने तोच खोकला परत केलेला असायचा. अगदी तस्सा. पहिली घरघर, मग दोन ठसके, शेवटी घसा साफ केल्याचा आवाज.

यावर सोफेवाला पोट धरधरून हसायचा. नुसता हसायचा नाही, अक्रोडाचा तुकडाही द्यायचा. गिऱ्हाईक आलं की "जरा आमच्या मुकादमाची गंमत बघा" म्हणून स्वतः खोकून दाखवायचा. पोपट खोकला की पुन्हा अक्रोड. लेकीचा फोन आला की फोन पिंजऱ्याला लावायचा.

"बाबा, हा तर डिट्टो तुम्ही!" लेक हसायची. मग हसू थांबवून म्हणायची, "पण तुमचा खोकला वाढलाय हं. कमी करा ना ते."

"करतो, करतो," सोफेवाला म्हणायचा. हे 'करतो' गेली कित्येक वर्षं चाललं होतं.

मग केव्हातरी मुकादमाचं बोलणं आटत गेलं. कधीपासून ते सोफेवाल्याला सांगता आलं नसतं. स्टेपलगन बंद झाली, सुई बंद झाली. खोकला तेवढा राहिला, उलट वाढला. सोफेवाल्याला वाटलं, हा आता हावरट झाला, अक्रोडासाठी नाटकं करतोय. तो अक्रोड द्यायचा आणि मुकादम तो पायात धरून तसाच बसायचा. छातीवरची पिसं त्याने स्वतःच उपटून टाकली होती, पायांवर लाल चट्टे पडले होते. सोफेवाल्याने तिथे खोबरेल तेल लावलं. लावलं ते त्याच पिवळ्या बोटांनी.

एका सकाळी मुकादम दांडीवरून खाली, पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसला. पिसं फुगवून, डोळे अर्धवट मिटून, चोच उघडी. सोफेवाल्याने चादरीने पिंजरा गुंडाळून जनावरांचा दवाखाना गाठला.

दवाखान्यात बाकावर एक म्हातारा कुत्रा आणि त्याची मालकीण बसली होती. कुत्र्याच्या लांब नाकाच्या एका बाजूला सूज होती आणि ती बाई ते नाक रुमालाने पुन्हा पुन्हा पुसत होती. सोफेवाल्याने बघायचं टाळलं. दवाखान्यातली मदतनीस, चाळिशीची, बांगड्या न घातलेल्या लख्ख हातांची बाई, पिंजऱ्यापाशी आली, वाकली आणि लगेच सरळ झाली.

"काका, तुमचा नंबर आधी," ती म्हणाली. "कुत्रेवाल्या ताई, चालेल ना?"

डॉक्टरीणबाईंनी पिंजरा टेबलावर ठेवला आणि हातही लावला नाही. नुसत्या बघत राहिल्या. तेवढ्यात मुकादम खोकला. घरघर, दोन ठसके, घसा साफ.

सोफेवाला ओशाळून हसला. "ते काही नाही डॉक्टर. माझी नक्कल आहे ती. फार वर्षांची सवय."

"असते. पुष्कळ पोपट करतात, आणि ती नुसती नक्कलच निघते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून खोकताना मी बघतच नाही. आता तो गप्प आहे ना? आता शेपटीकडे बघा."

सोफेवाल्याने बघितलं. मुकादम गप्प होता, हलत नव्हता; पण दर श्वासाला ती लाल शेपटी खाली जात होती आणि वर येत होती. पाणी शेंदायला कुणी जोर लावावा, तसा तो पक्षी एकेक श्वास ओढून काढत होता.

"बऱ्या पक्ष्याची शेपटी श्वासाला अशी हलत नाही. नक्कल करणारा गळ्याने करतो, शेपटीने नाही. याला खरंच दम लागलाय. घरात सिगारेट कोण ओढतं?"

"मी." मग घाईघाईने, "पण त्याच्या तोंडावर कधी धूर सोडला नाही हो."

"पिंजरा कुठे असतो?"

सोफेवाल्याने सांगितलं. टेबलाशेजारी, हाताला लागेल असा. सांगता सांगताच त्याचा आवाज खाली गेला.

मदतनीस बाईने मुकादमाला टॉवेलात धरून काचेच्या पेटीत ठेवलं आणि प्राणवायूची नळी जोडली. डॉक्टरीणबाईंनी तोवर सोफेवाल्याला खुर्ची दिली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत, समजावून सांगत गेल्या. पक्ष्याच्या छातीत फुफ्फुसाबरोबर हवेच्या पिशव्या असतात, एका श्वासातली हवा दोनदा आत फिरते, म्हणून तो एवढ्याशा जिवाला उडायला पुरेल इतका प्राणवायू काढून घेतो. आणि त्याच हिशेबाने हवेतलं विषही आपल्यापेक्षा जास्त काढून घेतो. "आणि धूर गेला म्हणजे सगळं गेलं असं नाही. तो पडद्यावर बसतो, कापडावर बसतो, पिसांवर बसतो. पक्षी दिवसभर पिसं चोचीतून काढतो, ते पोटात जातं. मांजर असतं तर अंग चाटून पोटात घेतलं असतं. पायांवरचे हे चट्टे बघा. तुमच्या बोटावर बसतो ना तो?"

"रोज. संध्याकाळी."

"बोटांवरचं निकोटिन पायाच्या कातडीला लागतं."

सोफेवाल्याने आपली बोटं मुठीत लपवली. कापड वास धरतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पंचवीस वर्षं तो गिऱ्हाइकांना तेच ऐकवत आला होता. आणि त्या खोलीतलं सगळ्यात मऊ कापड पिंजऱ्यात बसून खोकत होतं, तेव्हा तो त्याला अक्रोड देत होता. खोकला म्हणून बक्षीस देत होता!

"वाचेल का?" त्याने विचारलं.

"सांगता येत नाही. श्वासनळ्या सुजल्यात, आत संसर्गही आहे. सगळं धुरामुळेच झालं असं मी छातीठोकपणे नाही म्हणणार, पण धुरात तो बरा होणार नाही, एवढं नक्की. औषधाची वाफ द्यावी लागेल. काही आठवडे इथेच राहू दे. आणि काका, परत न्यायचा असेल तर घरात ओढायचं नाही. गॅलरीत ओढून आत यायचं, तेही नाही. कपड्यांवरून, हातांवरून येतंच ते. तुम्ही सोडलीत तर त्याला घर आहे. नाहीतर त्याच्यासाठी दुसरं घर बघू."

सोफेवाला रिकामा पिंजरा चादरीत गुंडाळून परत आला. जिन्याच्या वरच्या पायरीवर सवयीने खोकला. आतून काहीच आलं नाही. त्याने किल्ली फिरवली आणि तोंडातून आलेलं "आलो रे" अर्ध्यावरच गिळलं. त्या संध्याकाळी घर त्याला खायला उठलं.

दुसऱ्या दिवशी त्याने कामाला हात घातला. पडदे उतरवून भिजवले, तर पाणी चहासारखं झालं. भिंतीवरून लेकीच्या लग्नाचा फोटो उतरवला, तर मागे पांढरा चौकोन. बाकीची भिंत पिवळी होती हे त्याला तो चौकोन बघेपर्यंत माहीतच नव्हतं. त्याने भिंती घासल्या, जुना फोम भंगारात दिला, दारं-खिडक्या उघड्या टाकल्या. शेजारच्या शिक्षिकेने दारातून डोकावून विचारलं, "काय काका, पाहुणे येणार वाटतं?"

"मुकादम येणारेत," सोफेवाला म्हणाला. ती हसली आणि आत आली. चक्क आत आली. गेल्या कित्येक वर्षांत तिने उंबरा ओलांडला नव्हता; निरोप असला तर दारातूनच सांगून जायची. सोफेवाल्याला ती शिष्ट वाटत आली होती. आता त्याच्या लक्षात आलं की लेक माहेरी आली तरी हॉटेलात का उतरते. 'पोराला दमा आहे ना बाबा, धूळ सहन होत नाही,' असं ती म्हणायची. धूळ! बिचारीने बापाची अब्रू राखली होती. एकेक माणूस हळूहळू दारापर्यंत मागे सरकलं होतं, आणि ज्याला पिंजऱ्याचं दार होतं तो तेवढा सोबतीला राहिला होता. त्याची सोबत, त्याची माया म्हणून सोफेवाला मिरवत होता. जाणार कुठे होता तो?

घर चकचकीत झालं. सिगारेट मात्र सुटेना.

त्याने प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणू नये. लवंग चघळली, हातात खडू धरला, माणसांच्या डॉक्टरकडे जाऊन दंडावर लावायच्या निकोटिनच्या चिकटपट्ट्याही आणल्या. पहिले दिवस त्याने दातावर दात आवळून काढले. पण पूर्वी सिगारेट पेटवली की मुकादम काहीतरी बोलायचा, तो उत्तर द्यायचा, आणि दुपार सरायची. आता सिगारेट नाही आणि मुकादमही नाही. खिळा ठोकावा, तर त्याचा आवाज भिंतीवर आपटून त्याच्याकडेच परत यायचा. एकदा तो रिकाम्या पिंजऱ्याला मोठ्याने म्हणाला, "सुई कुठंय?" आणि स्वतःच दचकला. त्या दुपारी तो खाली उतरला, कोपऱ्यावरच्या टपरीवर गेला आणि एक ओढली. मग आणखी एक. परत येऊन साबणाने हात धुतले, शर्ट बदलला, चूळ भरली. त्याला चोरट्यासारखं वाटलं. आणि चोरी करायची तर कुणापासून, घरात कुणीच नव्हतं.

मुकादमाला न्यायचा दिवस आला. सोफेवाला नवा पिंजरा घेऊन गेला. आतल्या खोलीत मदतनीस बाईच्या मनगटावर मुकादम बसला होता. छातीवर करडी लव फुटली होती, डोळे टक्क उघडे. सोफेवाल्याला बघताच त्याने मान वाकडी केली.

"सुई कुठंय?"

तोच आवाज. खणखणीत. सोफेवाल्याला पुढचं काही दिसेनासं झालं, त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. आजच धुतलेली बाही होती.

"छान सुधारला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण छाती आता कायमची नाजूक राहणार. घर केलंत ना साफ?"

"भिंतीसुद्धा घासल्या."

"आणि सिगारेट?"

एक शब्द पुरला असता. 'सोडली.' बाईंनी विश्वास ठेवला असता, पिंजऱ्याचं दार लागलं असतं, आज संध्याकाळी घरात आवाज असता. सोफेवाल्याने तोंड उघडलं. मुकादम मनगटावरून उतरून त्याच्याकडे टेबलावर चालत येत होता, डुलत डुलत, बोटावर बसायला. सोफेवाल्याने हात मागे घेतला.

"काल ओढली," तो म्हणाला. "आज सकाळीपण. येताना ओढणार नव्हतो, तरी ओढली."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी प्रयत्न करीन. पण आज याला नेलं तर मी याच्यावरच प्रयोग करीन, आणि मला माझा भरवसा नाही." मग मदतनीस बाईकडे बघून, "तुमच्या घरी ओढतं का कुणी?"

"मी आणि आई. कुणी नाही," ती म्हणाली. तिने आधी मुकादमाकडे आणि मग सोफेवाल्याकडे बघितलं. "काका, कायमचा नाही. तुमचं जमेपर्यंत. आणि तुम्ही यायचं भेटायला. हात धुवायचे, धुतलेला शर्ट घालायचा, मग बसायचं."

सोफेवाला रिकामा पिंजरा घेऊन निघाला. बाहेर बाकावर एक लहान मुलगी मांजर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "आजोबा, तुमचा पक्षी उडाला?"

"हो," तो म्हणाला.

तो रविवारी भेटायला जाऊ लागला. मदतनीस बाईचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि दाराबाहेरच नळ होता. सोफेवाला तिथे हात धुवायचा, दार वाजवायचा आणि आत जाऊन अर्धा तास परक्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसायचा. मुकादम आता बाईच्या आईसारखा "अगं बाई!" म्हणायला शिकला होता. आई हसायची, मुकादम हसायचा. सोफेवाल्याला त्याचं कौतुकही वाटायचं आणि आतून काहीतरी कुरतडायचंही. निघताना मुकादम त्याच्याकडे बघतही नसे. सिगारेटी कमी झाल्या होत्या, संपल्या नव्हत्या. आपण आता कुणाच्या लेखी कुणी नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

मग एका संध्याकाळी मदतनीस बाईचा फोन आला.

"काका, घाबरू नका. मुकादम खोकतोय."

सोफेवाल्याच्या हातातली कात्री टेबलावर पडली. "शेपटी? शेपटी बघितली का?"

"बघितली. स्थिर आहे. डॉक्टरांनाही दाखवला, छाती स्वच्छ आहे. पण गेले काही दिवस रोज संध्याकाळी खोकतो. तुम्ही एकदा येऊन बघा. मला काही कळत नाही."

सोफेवाला होता तसाच निघाला. शर्ट बदलायचं सुचलं ते अर्ध्या रस्त्यात. रविवारी तो सकाळी यायचा, जिने सावकाश चढायचा, खोकला आलाच तर रुमालात दाबायचा. आजाऱ्याला भेटायला जाताना आवाज करू नये, तसा. आज तो धावत चढला. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत छाती भरून आली, आणि वरच्या पायरीवर थांबून तो खोकला. जोरात, पूर्वीसारखा.

दाराआड कुणीतरी खोकलं. घरघर, दोन ठसके, घसा साफ.

सोफेवाला जागच्या जागी थांबला. आतून बाईचा आवाज आला, "बघ आई, पुन्हा! दिवेलागणीला सुरू होतो, दाराकडे तोंड करून."

मग पुन्हा खोकला आला. आणि मग, कुणी दार उघडायच्या आत, सोफेवाल्याच्याच आवाजात:

"आलो रे!"

अक्रोडासाठी नव्हतं ते. कधीच नव्हतं. रोज संध्याकाळी आधी खोकला ऐकू यायचा आणि मग माणूस यायचा. मुकादमाला सोफेवाल्याचं नाव कुणी सांगितलं नव्हतं. त्याने ते ऐकून ऐकून स्वतःच ठरवलं होतं. दिवे लागले की तो त्याला हाक मारत होता. माणूस येत नव्हता म्हणून पुन्हा मारत होता.

सोफेवाला पायरीवर बसला आणि रडला, पोरासारखा, नाक वाहेपर्यंत. जगात आपल्याला एवढ्या आठवणीने हाक मारणारा एकच जीव, आणि आपण त्याला आपलं नाव म्हणून काय दिलं, तर हा खोकला.

मदतनीस बाईने दार उघडलं. "अगं बाई, काका! आत या ना."

"आलो," सोफेवाला म्हणाला. त्याने खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून पायरीवर ठेवलं, शर्टाची बटणं सोडली. "ताई, एखादा धुतलेला शर्ट असेल का घरात? कुणाचाही. हा नको."

ती आत शर्ट शोधायला गेली. सोफेवाल्याने नळ सोडला आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायला घेतले. बोटांच्या पेरांवरचा पिवळेपणा निघत नव्हता, तो घासत राहिला. आतून मुकादम परत खोकला, थांबला, आणि उत्तराची वाट बघू लागला.

"थांब रे," सोफेवाला म्हणाला. "हात धुतोय."